दर शुक्रवारी आठ मिनिटांचा धडा

द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत पहिली ते चौथीचे चार वर्ग दोघे शिक्षक सांभाळतात. त्यात ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची मुलं पावसाळ्यात दिवसेंदिवस येऊ शकत नाहीत. बीड, अहिल्यानगरच्या काही तालुक्यांत दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेल्या आईबापांबरोबर मुलंही कारखान्यावर जातात. या मुलांपर्यंत निदान गुरुजींचा आवाज पोचावा, म्हणून आठवड्याला एक धडा रेकॉर्ड करून पालकांच्या फोनवर पाठवण्याची पद्धत उपयोगी पडते. व्हॉट्सअ‍ॅपवरचा आठ मिनिटांचा व्हॉइस मेसेज एक-दोन एमबीत मावतो. तेवढ्याच लांबीच्या व्हिडिओला त्याच्या कित्येक पट डेटा लागतो आणि रेंज कमी असली की तो अडकून बसतो.

धडा फोनवर पोचला तरी मूल शिकलंच असं नाही. आवाज चालू राहतो आणि मूल खेळत राहतं. म्हणून असा धडा भाषणासारखा रेकॉर्ड करून चालत नाही, त्यात मुलाला उत्तर द्यायला जागा ठेवावी लागते. १९७० च्या दशकात निकाराग्वा या मध्य अमेरिकेतल्या देशात रेडिओवरून प्राथमिक गणित शिकवण्याचा प्रयोग झाला, त्याचा गाभा हाच होता. निवेदक प्रश्न विचारून थांबायचा, वर्गातली मुलं मोठ्याने उत्तर द्यायची आणि मग बरोबर उत्तर रेडिओवरून ऐकू यायचं. रेडिओवर शिकलेल्या मुलांनी चाचण्यांत इतरांपेक्षा चांगले गुण मिळवले.

आपल्याकडचा तिसरीचा एक धडा घेऊ, ५२ मधून २७ वजा करण्याचा. बाई सांगतात, "दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे मांड. बाजूला दोन सुट्या काड्या ठेव." इथे त्या पंधरा सेकंद गप्प राहतात, कारण मुलाचे हात कामात असतात. मग विचारतात, "दोन सुट्या काड्यांतून सात काढता येतील का?" तीन-चार सेकंद थांबून स्वतःच सांगतात, "नाही येणार. मग एक गठ्ठा सोड. आता सुट्या काड्या किती झाल्या?" पुन्हा थांबतात. "बारा झाल्या. त्यातल्या सात काढ. पाच उरल्या. चार गठ्ठ्यांतले दोन काढ. दोन उरले. दोन गठ्ठे आणि पाच काड्या म्हणजे पंचवीस." फळा समोर नसताना मुलाला हातातल्या काड्यांतून दशक सुटताना दिसतो. अशी तीन उदाहरणं झाली की आठ मिनिटं संपतात. चौथं उदाहरण घालण्याचा मोह बाईंनी टाळलेला बरा.

पालकांनी यात शिकवायचं नसतं, फक्त धडा नीट चालू द्यायचा असतो. मुख्याध्यापकांच्या सूचनेतून हे स्पष्ट कळलं पाहिजे. सूचना साधारण अशी असावी:

"इयत्ता तिसरीच्या सर्व पालकांना नमस्कार. या आठवड्यापासून दर शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता वर्गाच्या गटावर गणिताचा आठ मिनिटांचा ऑडिओ धडा येईल. सोमवारी शाळेत येण्याआधी मुलाने तो दोनदा ऐकायचा आहे. त्यासाठी कृपया एवढं करा.

१. गट उघडा. 'तिसरी, धडा १' असं लिहिलेल्या मेसेजखाली आवाजाची पट्टी दिसेल.

२. धड्यासाठी लागणारं साहित्य त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असेल. या वेळी साठ काड्या आणि दोरा तयार ठेवा.

३. टीव्ही बंद करा. फोन मुलाच्या हातात न देता समोर पाटावर ठेवा आणि त्रिकोणी खुणेवर बोट टेकवा.

४. मध्ये मध्ये बाई थांबतील. फोन बंद पडलेला नसतो, ती वेळ मुलाच्या उत्तरासाठी आहे. उत्तर मुलाला देऊ द्या, आपण सांगू नका. चुकलं तरी चालेल, पुढे बरोबर उत्तर येतंच.

५. दुसऱ्या दिवशी तोच धडा पुन्हा लावा.

६. मग बाईंच्या नंबरवर जा आणि माइकची खूण दाबून धरा. 'मी हे गणित कसं केलं' ते मुलाला सांगू द्या. बोलून झाल्यावर बोट उचला.

घरात साधा फोन असेल तर त्याचं मेमरी कार्ड शुक्रवारी मुलाबरोबर पाठवा, आम्ही धडा भरून देऊ. फोनच नसेल तर कळवा. त्या मुलांना सोमवारी परिपाठाआधी शाळेत धडा ऐकवला जाईल."

सूचना कितीही सोपी असली तरी पहिल्या आठवड्यात काही अडचणी येतातच. मुलाने फोन उचलला किंवा फोनच्या वरच्या टोकाजवळ हात नेला की व्हॉइस मेसेज मोठ्या स्पीकरमधून न येता कानाला लावायच्या छोट्या स्पीकरमधून येतो आणि पडदा काळा होतो. घरच्यांना वाटतं, रेकॉर्डिंगच बिघडलं. म्हणून फोन पाटावर ठेवायला सांगायचं. आवाजाच्या पट्टीशेजारच्या वेगाच्या खुणेला बोट लागलं तर बाई दीडपट किंवा दुप्पट वेगाने बोलू लागतात आणि उत्तरासाठीची जागाही तेवढीच आखडते. तीच खूण पुन्हा दाबत १x दिसेपर्यंत जायचं. मेमरी कार्डावर देताना फाइल आधी एमपी३ करून घ्यावी लागते, कारण व्हॉट्सअ‍ॅपचं रेकॉर्डिंग ज्या प्रकारात साठतं तो प्रकार बरेच साधे फोन वाजवत नाहीत. आणि शुभेच्छांच्या गर्दीत धडा वर निघून जाऊ नये, यासाठी गटावर फक्त शिक्षकांना लिहिता येईल अशी सेटिंग ठेवावी.

मुलाला कितपत समजलं, हे सहाव्या पायरीतल्या मिनिटभराच्या रेकॉर्डिंगवरून कळतं. "उत्तर पंचवीस" एवढंच आलं तर ते कुणी सांगितलेलं असू शकतं. "दोनातून सात जात नव्हते म्हणून मी एक गठ्ठा सोडला," असं मूल अडखळत का होईना बोललं, तर त्याला समजलं आहे. मागून आईचा कुजबुजता आवाज आला तर रागवायचं कारण नाही. त्या मुलाला सोमवारी काड्या घेऊन जवळ बसवायचं, एवढाच त्याचा अर्थ. "पाच गठ्ठे" म्हणताना मूल "पन्नास काड्या" म्हणत असेल, तर त्याच्या मनात दशक अजून तयार झालेला नाही आणि पुढचा धडा त्याच्यासाठी घाईचा ठरेल.

हे रेकॉर्डिंग गटावर न मागता शिक्षकांच्या नंबरवर मागवावं. सगळ्यांसमोर चुकायची भीती वाटली की मुलं गप्प होतात, आणि आपल्या मुलाची इतरांशी तुलना होईल या धास्तीने पालक त्यांच्याकडून पाठ करून घेतात.

सगळंच काही आवाजातून शिकवता येत नाही. अक्षराचं वळण, नकाशा, भूमितीच्या आकृत्या यांना डोळ्यांसमोर फळाच हवा. पाढे, गोष्ट ऐकून तिच्यावरचे प्रश्न, कविता म्हणणं, तोंडी हिशेब आणि काड्या-बिया हाताळून करायची गणितं ऑडिओवर छान जमतात. मुख्याध्यापकांनी आठवड्याचा धडा यांतूनच निवडावा आणि बाकीचं शाळेच्या वेळेसाठी राखून ठेवावं.

पालकांना एकच विनंती. धडा चालू असताना बाई थांबल्या की तुम्हीही थांबा. मुलाच्या तोंडून चुकीचं उत्तर आलं तरी दहा सेकंद धीर धरा आणि त्याची चूक त्यालाच सुधारू द्या.