खामगावचा कापूस आणि लिव्हरपूलची तार

खामगावची कापसाची पेठ तार, रेल्वे आणि आगबोट या तिघींच्याही आधीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून इथला माल बैलांच्या तांड्यांवरून मुंबईकडे जात होता आणि मारवाडी पेढ्यांच्या हुंड्या मुंबईत वटत होत्या. म्हणून तारेने आणि आगबोटीने वऱ्हाडाला जगाशी जोडले, हे म्हणणे मला अपुरे वाटते; जोडलेले ते आधीच होते. बदलले ते वेगळेच काही. अंतर सर्वांसाठी सारखे घटले नाही. बातमीसाठी ते जवळजवळ संपले, मालासाठी बरेच कमी झाले आणि मेहकर-चिखलीकडच्या शेतकऱ्यासाठी फारसे हललेच नाही. या असमान घटीमुळे भाव ठरवण्याची आणि निर्णय घेण्याची जागा इथून उठून तारेच्या दुसऱ्या टोकाला गेली.

हे कळण्यासाठी आधीची स्थिती पाहावी लागते. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट 1830 मध्ये सुएझला गेली आणि पुढे विलायतेची डाक महिनाभरात पोचू लागली. कापूस मात्र आगबोटीने जाणे परवडत नव्हते. आफ्रिकेला वळसा घालायचा तर जहाजाची बरीच जागा कोळसाच खाई, आणि तांबड्या समुद्राने जायचे तर सुएझला माल उतरवून जमिनीवरून अलेक्झांड्रियाला न्यावा लागे. पत्रांना आणि प्रवाशांना ते चाले, गाठींना नाही. म्हणून कापूस शिडाच्या जहाजातून केपमार्गे जाई आणि त्याला चारेक महिने लागत. या काळात भाव काय होईल, याचा सगळा जुगार मालाच्या धन्याच्या माथी असे.

1865 मध्ये हा जुगार अंगावर उलटला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस अडला होता आणि वऱ्हाडी कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता. समजा, जानेवारीत चढ्या भावाने घेतलेल्या गाठी मुंबईत जहाजावर चढल्या. त्या केपच्या आसपास असताना 9 एप्रिलला दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करली. गाठी लिव्हरपूलला लागल्या तेव्हा खरेदीच्या वेळचा बाजार उरलाच नव्हता, आणि वाटेतला माल परत बोलावता येत नव्हता. मुंबईच्या कितीतरी पेढ्या त्या वर्षी बुडाल्या. त्याच वर्षी इराणच्या आखातातून युरोपची तार सुरू झाली होती, पण तुर्कस्तानातून येणारे संदेश कित्येक दिवस रखडत आणि परभाषी तारमास्तरांच्या हातून मोडूनतोडून येत. अशा संदेशाच्या भरवशावर कोणी सौदा करणार नाही.

खरा पालट 1869-70 मध्ये झाला. नोव्हेंबर 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. 1870 मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने अंथरलेली एडन-मुंबई समुद्री तार पूर्ण झाली. त्याच वर्षी लॉर्ड मेयोने जलंब-खामगाव रेल्वेफाट्याचे उद्घाटन केले. आता भाव काही तासांत कळू लागला आणि गाठी महिना-दीड महिन्यात पोचू लागल्या. माल वाटेत असतानाच, किंवा निघण्याआधीच, तो विकून टाकता येऊ लागला. जोखीम कमी झाली, तसा मोठा साठा करून वाट पाहणाऱ्या जुन्या व्यापाऱ्याचा उपयोगही कमी झाला. त्याच्या जागी विलायती कंपनीचा खरेदीदार आला. मुंबईहून तारेने येईल त्या मर्यादेत तो खरेदी करी. वीस शब्दांच्या तारेला सुरुवातीला चार-पाच पौंड पडत, म्हणून कंपन्यांनी सांकेतिक शब्दांची पुस्तके केली आणि एका शब्दात प्रत, भाव व मुदत बसवली. रॉयटरने मुंबईत कचेरी उघडली ती 1866 मध्ये; तिच्या ग्राहकांत वृत्तपत्रांइतकेच व्यापारीही होते. बातमी ज्याला आधी मिळे, त्याचा सौदा आधी होई.

कोणी म्हणेल, हे सारे श्रेय रेल्वेचे. रेल्वेशिवाय काही झाले नसते हे खरे, पण नागपूरची रेल्वे 1867 पर्यंत पुरी झाली होती आणि तरीही मुंबईच्या धक्क्यावर कापूस शिडांचीच वाट पाहत होता. शिवाय कारभारात तोच बदल दिसतो, आणि तिथे रेल्वेचा संबंध नाही. ऑगस्ट 1875 मध्ये व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांच्या सरकारने आयात कराचा कायदा केला. सुती कापडावरचा कर त्यांनी ठेवलाच, वर लांब धाग्याच्या परदेशी कापसावर पाच टक्के बसवले. तारेने आधी विचारता येत असताना विचारले नाही, म्हणून लंडनहून भारतमंत्री सॅलिस्बरी यांनी त्यांना जाब विचारला. पूर्वी पत्रोत्तराला महिने लागत, म्हणून कलकत्त्याचा अधिकारी आपल्या जबाबदारीवर वागे. आता ती सबब राहिली नाही. नॉर्थब्रुक 1876 मध्ये पायउतार झाले. खामगावचा खरेदीदार आणि कलकत्त्याचा व्हाइसरॉय यांची स्थिती या एका बाबतीत सारखी झाली होती.

राहिला गंभीर आक्षेप : भाव कळू लागल्याने शेतकऱ्याचा फायदाच झाला असेल. ज्याच्या घरात कापूस मोकळा होता, त्याचा झालाही. पण भावाची माहिती उपयोगी पडते ती विकायची वेळ निवडता येणाऱ्याला. बियाण्याला आणि शेतसाऱ्याला सावकाराकडून पैसे उचललेला शेतकरी पीक उभे असतानाच बांधला गेलेला असे. त्याची गाडी घाट उतरून दोन-तीन दिवसांनी खामगावला पोचे, तेव्हा लिव्हरपूलचा भाव पेठेतल्या सगळ्यांना ठाऊक असे. त्याला स्वतःला तो तिथे आल्यावरच कळे, आणि गाडी भरलेली परत नेणे त्याला शक्य नसे.