‘अजून नोकरी बघताय का?’

फेब्रुवारीत दोन मुलाखती झाल्या, दोन्ही बऱ्या गेल्या, आणि मग रिक्रूटरने फोन उचलणंच बंद केलं. ऑक्टोबरात त्याच माणसाचा व्हॉट्सॲपवर एका ओळीचा मेसेज येतो: अजून चेंज बघताय का? पुण्यात आयटीत काम करणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव आलेला असतो. पहिल्यांदा राग येतो आणि तो साहजिक आहे. आठ महिने एक शब्दही न कळवणं हा उमेदवाराचा अपमानच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही उत्तर रागाच्या भरात देऊ नये, कारण या मेसेजमागे बहुधा एक ठरावीक घडामोड असते आणि ती तुमच्या फायद्याची असू शकते.

आपल्याकडच्या बऱ्याच आयटी कंपन्यांत नोटीस पीरियड 90 दिवसांचा असतो. कंपनीने कुणाला मार्चमध्ये ऑफर दिली, तर तो माणूस जूनच्या अखेरीस रुजू होणार. या तीन महिन्यांत तो हातात ऑफर घेऊन आणखी दोन ठिकाणी मुलाखती देतो, आणि कित्येकदा रुजू व्हायच्या आदल्या आठवड्यात ‘येत नाही’ म्हणून कळवतो. जागा पुन्हा रिकामी होते आणि प्रोजेक्टचा मॅनेजर रिक्रूटरच्या मागे लागतो. मग रिक्रूटर जुनी एक्सेल शीट उघडतो आणि दोन फेऱ्या पार केलेल्यांना एकदमच मेसेज टाकतो. कधी थांबवलेलं बजेट मोकळं होतं, तर कधी जागाच वेगळी असते. पहिलाच प्रश्न ‘किती दिवसांत जॉइन होऊ शकाल?’ असा आला, तर जागा तातडीने भरायची आहे असं समजायला हरकत नाही.

त्या शीटमध्ये तुमच्या नावापुढे फेब्रुवारीतले आकडे असतात. खरी मेख इथेच आहे.

समजा, एक टेस्टर आहे. फेब्रुवारीत तिचा सीटीसी 8 लाख होता आणि अपेक्षा साडेदहाची. जुलैत ती दुसरीकडे 10 लाखांवर रुजू झाली. आता मेसेज आल्यावर तिने नुसतं ‘हो, इंटरेस्टेड आहे’ एवढंच कळवलं, तर रिक्रूटर तिचा बायोडेटा साडेदहाच्या अपेक्षेसह पुढे पाठवतो. मॅनेजर तोच आकडा धरून मंजुरी घेतो. शेवटच्या फेरीनंतर ती साडेबारा म्हणाली, की तिने शब्द फिरवला असा समज होतो आणि बोलणी मोडतात. चूक तिची नसते, पण नुकसान तिचंच होतं.

म्हणून पहिल्याच उत्तरात तिने असं लिहावं: “नमस्कार. जुलैपासून मी नव्या कंपनीत आहे, सध्या प्रोबेशनवर. नोटीस 30 दिवसांची आहे. सध्याचा सीटीसी 10 लाख, अपेक्षा साडेबारा. या बजेटमध्ये बसत असेल तर बोलायला आवडेल. ही फेब्रुवारीतलीच जागा आहे की नवी? तीच असेल तर आधीच्या दोन फेऱ्या धरल्या जातील का?” एवढं पुरे. फेऱ्यांचा प्रश्न जरूर विचारावा. मुलाखत घेणाऱ्यांचे शेरे कंपनीच्या सिस्टीममध्ये राहतात, आणि जागा व मॅनेजर तेच असतील तर थेट शेवटची फेरी होऊ शकते. विचारलं नाही, तर सगळं पहिल्यापासून सुरू होण्याचीच शक्यता जास्त.

नवी नोकरी लपवावी का? तीनच महिने झालेत, वाईट दिसेल, असं वाटतं खरं. पण पीएफच्या यूएएनखाली प्रत्येक कंपनीची नोंद दिसते आणि पडताळणीत ती बहुधा मागितली जाते. आज सांगितलेलं कारण तेव्हाच्या खुलाशापेक्षा कितीतरी सोपं जातं.

मेसेज कन्सल्टन्सीकडून आला असेल, तर कंपनीचं नाव कळल्याशिवाय बायोडेटा पाठवू नये. एकाच उमेदवाराचं नाव दोन कन्सल्टन्सींकडून आलं, की कमिशन कोणाचं यावरून वाद होतो आणि काही कंपन्या वाद नको म्हणून उमेदवारालाच बाजूला ठेवतात. पहिल्या पाठवणीचा हक्क साधारणपणे काही महिने टिकतो, म्हणून फेब्रुवारीत नाव कोणी पाठवलं होतं हेही सांगून टाकावं.

उत्तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी जावं, कारण तोच मेसेज इतरांनाही गेलेला असतो आणि आधी आलेली तीन-चार नावंच मॅनेजरपुढे जातात. आठवडाभर काही कळलं नाही तर एकदा आठवण करावी. त्यानंतरही शांतता असेल तर विषय सोडून द्यावा.

बदल नकोच असेल तर तेही दोन ओळींत कळवावं, आणि साधारण केव्हा विचार कराल तेही सांगावं. रिक्रूटर ते शीटमध्ये टिपून ठेवतो. ‘मग कोणी ओळखीचं आहे का?’ असं त्याने विचारलं, तर मित्राचा नंबर लगेच देऊ नये. आधी मित्राला विचारावं. तो सध्याच्या ऑफिसात कुणाच्या नकळत नोकरी शोधत असेल, तर कामाच्या वेळेत आलेला एक फोनही त्याला अडचणीत आणू शकतो.