गच्चीवर मोबाइल टॉवर: सही करण्यापूर्वी करारातली ही कलमे वाचा

भिवंडीतल्या एका कुटुंबाने गेल्या महिन्यात आमच्याकडे कराराचा मसुदा आणून दिला. तळमजला अधिक तीन मजले, 1994 सालची इमारत. अब्बांचा इंतकाल होऊन चार वर्षे झालेली. मागे अम्मी, तीन भाऊ आणि दोन बहिणी. गच्चीवर टॉवर उभारायला एक कंपनी तयार होती. दरमहा 19,200 रुपये भाडे, मुदत 20 वर्षे, दर तीन वर्षांनी 15 टक्के वाढ. थोरल्या भावाला एवढेच विचारायचे होते, "भाडं ठीक आहे ना?"

भाडे ठीकच होते. पण एकवीस पानांच्या त्या कराराची उरलेली वीस पाने कोणी वाचली नव्हती. ती वाचल्यावर जे दिसले ते इतर घरांच्याही उपयोगाचे आहे, म्हणून इथे देतो आहोत.

त्याआधी एक गोष्ट. टॉवरसाठी नोंदणी फी, सरकारी कर किंवा 'ट्रायची परवानगी' अशा नावाने कोणी आधी पैसे मागितले, तर ती फसवणूक समजा. ट्राय टॉवरसाठी कसलीही एनओसी देत नाही आणि पैसेही घेत नाही. खरी कंपनी तुम्हाला पैसे देते, तुमच्याकडून घेत नाही. या कुटुंबाकडे आलेली कंपनी खरी होती, म्हणून पुढचे प्रश्न आले.

सही कोणाची?

मसुद्यात 'मालक' म्हणून एकट्या थोरल्या भावाचे नाव होते. घरपट्टी त्याच्या नावावर झाली होती, कंपनीला तेवढे पुरे वाटले. पण घरपट्टी नावावर असणे म्हणजे मालकी नव्हे. आपल्याकडे वडील गेले त्याच क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरतो. वाटणी झालेली नसली, तरी कुटुंबाचा कर्ता म्हणून एक भाऊ बाकीच्यांचा हिस्सा करारात बांधू शकत नाही.

या घरात हिशेब असा होतो. अम्मींना आठवा हिस्सा. उरलेल्यात भावाला दोन वाटे आणि बहिणीला एक. एकूण 64 भाग धरले तर अम्मींचे 8, प्रत्येक भावाचे 14 आणि प्रत्येक बहिणीचे 7. भाड्याच्या 19,200 रुपयांत अम्मींचे 2,400, प्रत्येक भावाचे 4,200 आणि प्रत्येक बहिणीचे 2,100 रुपये येतात. रक्कम मोठी नाही, म्हणूनच बहिणींना विचारायचे राहून जाते. बहीण सासरी आहे, तिला कशाला त्रास, असे म्हणत म्हणत वीस वर्षांचा कागद होतो.

आता मसुद्यातले हमीचे कलम बघा. त्यात लिहिले होते की गच्ची पूर्णपणे सही करणाऱ्याच्या मालकीची आहे, दुसऱ्या कोणाचाही हक्क नाही, आणि हे खोटे निघाल्यास कंपनीचे सगळे नुकसान मालक भरून देईल. म्हणजे उद्या एखाद्या बहिणीने हरकत घेऊन काम थांबवले, तर टॉवर काढण्याचा, हलवण्याचा आणि बंद पडलेल्या सेवेचा खर्च थोरल्या भावाकडे मागितला जाईल. याच कलमात 'इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधलेली आहे' अशीही हमी होती. आपल्या कितीतरी वस्त्यांत वरचा एखादा मजला नकाशात नसतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जी गोष्ट खरी नाही तिची हमी देऊ नका. कंपनीने कागदपत्रे पाहून स्वतःची खात्री करून घेतली आहे, असे वाक्य घालायला सांगा.

यावर उपाय सोपा आहे. सहाही वारस करारात मालक म्हणून येतात. जे हजर राहू शकत नाहीत ते एका भावाला फक्त या करारापुरते, नोंदणी केलेले मुखत्यारपत्र देतात. काही ठिकाणी कंपनीचा माणूस सुचवतो की बहिणींकडून हक्कसोड लिहून घ्या, काम लवकर होईल. हे मुळीच करू नका. टॉवरच्या भाड्यासाठी घरातला हिस्सा सोडण्याची काहीच गरज नाही. हिस्सेवारी करारातच लिहून प्रत्येकाच्या खात्यात थेट पैसे जमा करायला सांगा. तसे न केल्यास सगळे उत्पन्न एकट्या भावाच्या पॅनवर दिसते आणि आयकर खात्याला तोच उत्तर देत बसतो.

(मशीद, दर्गा किंवा कब्रस्तानची जागा असेल तर हा मार्ग नाही. वक्फ कायद्याच्या कलम 51 नुसार अशा जागा भाडेपट्ट्याने देता येत नाहीत. इतर वक्फ मिळकतीलाही बोर्डाची मंजुरी आधी लागते, मुतवल्लींची एकट्याची सही पुरत नाही.)

बाहेर पडायचे दार एकालाच

या मसुद्यातले सगळ्यात जड कलम मुदतीचे होते. कंपनी 60 दिवसांची नोटीस देऊन कधीही जाऊ शकते, कारण सांगायची गरज नाही. मालकाला मात्र 20 वर्षे करार संपवता येणार नाही. म्हणजे वीस वर्षे भाडे मिळेल याची खात्री नाही, पण वीस वर्षे गच्ची अडकली हे नक्की. 'वीस वर्षांचं इन्कम' असे जे सांगितले जाते ते खरे तर दोन महिन्यांचे असते.

इमारत 1994 सालची आहे, म्हणजे करार संपेपर्यंत तिचे वय पन्नासच्या पुढे जाईल. 30 वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका मागते. त्यात इमारत सी-1, म्हणजे अतिधोकादायक निघाली, किंवा भावांनी बिल्डरला पुनर्विकासाला द्यायची ठरवली, तर टॉवरचे काय? मसुद्यात यावर एक शब्द नव्हता. असा करार असलेली इमारत घ्यायला बिल्डर कचरतो, किंवा त्याची किंमत पाडून मागतो.

म्हणून मालकालाही बाहेर पडण्याचा हक्क ठरावीक कारणांसाठी लिहून घ्यावा: धोकादायक इमारत, मोठी दुरुस्ती, पुनर्विकास. सहा महिन्यांची नोटीस कंपनीला पुरेशी असते, पर्यायी जागा शोधायला तिला तेवढा वेळ लागतोच. कंपनी आणखी काही मागेल, तेव्हा निदान ही तीन कारणे सोडू नका.

दुरुस्तीचा मुद्दा आला म्हणून वजनाबद्दल. टॉवरचे पाय कॉलमवर यायला हवेत, नुसत्या स्लॅबवर नाही. सोबत बॅटऱ्या, कॅबिनेट, कधी डिझेल जनरेटर असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरचे प्रमाणपत्र कंपनी काढतेच, त्याची प्रत आणि पाय कुठे येणार त्याचा नकाशा कराराला जोडून घ्या. गच्चीला भोके पाडली की वॉटरप्रूफिंग जाते आणि पहिल्या पावसात वरच्या मजल्याच्या छताला ओल येते. काम सुरू होण्याआधी गच्चीचे आणि खालच्या छताचे फोटो काढून दोघांच्या सह्यांनी ठेवले, तर गळती आधीचीच होती, हे सांगायला जागा राहत नाही. वीज मीटर कंपनीच्या नावाने वेगळे हवे, हे वेगळे सांगायला नको.

भाडे थांबले तर

अनेकांना भीती असते की टॉवरवाला भाडेकरू म्हणून कायमचा बसेल. कंपनी मोठी असेल तर ही भीती फारशी खरी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चे संरक्षण एक कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा झालेले भागभांडवल असलेल्या प्रायव्हेट आणि पब्लिक लिमिटेड कंपन्यांना मिळत नाही. पण म्हणून मालक मोकळा होत नाही. अशा वेळी मालमत्ता हस्तांतरण कायदा लागू होतो, आणि त्यात भाडे थकले म्हणून मुदतीआधी भाडेपट्टा संपवायचा असेल, तर तसा हक्क करारात स्पष्ट लिहिलेला असावा लागतो. लिहिलेला नसेल, तर थकबाकीचा दावा लावा, टॉवर तसाच उभा. म्हणून 'सलग तीन महिने भाडे न मिळाल्यास मालक करार संपवून जागेचा ताबा परत घेऊ शकेल' हे वाक्य हवेच.

कंपनीच बुडाली तर आणखी कठीण. 2018 मध्ये एअरसेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, पुढे रिलायन्स कम्युनिकेशन्सही गेली. अशी प्रक्रिया सुरू झाली की दिवाळखोरी संहितेच्या कलम 14 नुसार सगळे दावे थांबतात, आणि कंपनीच्या ताब्यातली जागा मालकालाही परत घेता येत नाही. भाडे नाही, टॉवर आहे, आणि तो काढायला हात लावता येत नाही. याला पूर्ण इलाज नाही. पण सहा महिन्यांच्या भाड्याइतके, म्हणजे इथे 1,15,200 रुपये डिपॉझिट हातात असले, तर निदान थकबाकी आणि नंतर गच्ची पूर्ववत करण्याचा काही खर्च निघतो. मुदत संपल्यावर 60 दिवसांत टॉवर काढून गच्ची दुरुस्त करून दिली नाही, तर त्यानंतर दुप्पट भाडे, असेही लिहून घ्या.

दोन लहान कलमे. एक, 'शेअरिंग'. त्याच टॉवरवर दुसऱ्या ऑपरेटरचे अँटेना बसवायचा हक्क बहुतेक करारांत असतो. कंपनीला त्याचे वेगळे पैसे मिळतात, तुमच्या गच्चीवरचे वजन आणि येणारी-जाणारी माणसे वाढतात, भाडे तेवढेच. प्रत्येक जादा ऑपरेटरमागे वाढ मागायला हरकत नाही. दोन, मालमत्ता कर. टॉवरवर हा कर लावता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये म्हटले. नंतर आलेल्या दूरसंचार कायदा, 2023 चे कलम 14 म्हणते की टॉवर करासाठी मिळकतीचा भाग धरू नये. कायद्याचे पुढे काय व्हायचे ते होवो, महापालिकेची नोटीस घरमालकाच्या नावाने येते. टॉवरमुळे जो कर लागेल तो कंपनी भरेल, एवढे लिहून घ्या.

वीस वर्षांचा भाडेपट्टा नोंदणीकृतच असावा लागतो. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचा खर्च कंपनीचा, आणि मूळ प्रत किंवा निदान नोंदणीकृत प्रत तुमच्या कपाटात. वाद झाल्यास लवाद किंवा न्यायालय कुठले, तेही बघा. या मसुद्यात गुरुग्राम लिहिले होते. 19,200 रुपयांच्या भाड्यासाठी तिकडे कोण जाणार? ते बदलून ठाणे करायला सांगितले.

भिवंडीच्या त्या घराने सुधारलेला मसुदा कंपनीला परत पाठवला. सहा वारसांची नावे, हिस्सेवारी, पुनर्विकासाचे कलम आणि ठाणे हे कंपनीने मान्य केले. डिपॉझिट सहाऐवजी चार महिन्यांचे द्यायला तयार झाली. शेअरिंगवर नाही म्हणाली. स्वतःची 60 दिवसांची नोटीसही सोडली नाही, मुदत मात्र 20 वरून 10 वर्षांवर आली. धाकट्या बहिणीची सही अजून झालेली नाही. टॉवरचे पाय नेमके कुठल्या कॉलमवर येणार, तो नकाशा आधी दाखवा, असे तिने कळवले आहे.