बॅकअप झाला का, हे फाइल बघून ठरवा

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब कंपनीच्या एका अभियंत्याकडून चालू डेटाबेसच चुकून पुसला गेला. रोजचा बॅकअप आपोआप होतोय या भरवशावर साठवणीची जागा उघडली, तर ती रिकामी! बॅकअप घेणारा प्रोग्राम ९.२ आवृत्तीचा चालत होता आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे काम सुरू होताच बंद पडत होतं. बिघाडाचे ईमेल निघत होते, पण त्यांवर आवश्यक सही नसल्याने ते वाटेतच नाकारले जात. तक्रार येत नव्हती, म्हणून सगळं ठीक असं धरलं गेलं. वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेली सहा तासांपूर्वीची प्रत सापडली म्हणून निभावलं. त्यानंतरच्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

म्हणून सकाळी बिघाडाचा निरोप आला नाही एवढ्यावर थांबू नका. साठवणीत जाऊन शेवटच्या फाइलची तारीख, वेळ आणि आकार बघा. काल ४ जीबीची असलेली फाइल आज ४ केबीची दिसली, तर काम मध्येच तुटलंय. आकार बरोबर असला तरी आतला मजकूर शाबूत असेलच असं नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा तरी ती प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून उघडून बघा.