पुस्तक परीक्षण: लेखक कुठे उभा होता?

समाजशास्त्राच्या वर्गात 'एका पुस्तकाचं चिकित्सक परीक्षण लिहा' असं सांगितलं की बहुतेक वह्यांमध्ये प्रकरणवार सारांश उतरतो आणि शेवटी एक ओळ येते: पुस्तक अभ्यासपूर्ण आहे, पण त्याला काही मर्यादा आहेत. ही ओळ कुठल्याही पुस्तकाखाली खपते, म्हणजे हे पुस्तक वाचल्याची खूण तिच्यात कुठेच नाही. परीक्षणाला भूमिका लागते, आणि ती याच पुस्तकातून यावी लागते.

एम. एन. श्रीनिवास यांचं 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' घेऊ. मुंबई विद्यापीठात घुर्ये यांच्या हाताखाली शिकलेल्या श्रीनिवासांनी 1948 साली म्हैसूरजवळच्या एका गावात राहून अभ्यास केला आणि पुस्तकात त्या गावाला 'रामपुरा' हे नाव दिलं. 1970 मध्ये ते अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना तिथे जाळपोळ झाली आणि वर्षानुवर्षं नीट लावलेल्या नोंदींच्या तिन्ही प्रती जळाल्या. त्यानंतर मुख्यतः आठवणीवर विसंबून लिहिलेलं हे पुस्तक 1976 मध्ये प्रसिद्ध झालं.

आगीची ही हकीकत वाचली की विद्यार्थ्याच्या मनात पहिला आक्षेप तयार होतो: आठवणीवर लिहिलेलं पुस्तक, त्यावर विश्वास कसा ठेवायचा? पण रामपुऱ्यातल्या प्रबळ जातीवरचा श्रीनिवासांचा लेख 1959 सालचा आहे, म्हणजे आगीच्या बऱ्याच आधीचा. तो लेख आणि पुस्तकातली त्याच विषयावरची पानं शेजारी ठेवून पाहता येतात. आठवणीने कुठे काय बदललं, काय गुळगुळीत केलं, हे तिथे शोधायचं. हे न करता नुसती शंका घेतली तर तिला परीक्षणात वजन नसतं.

दुसरा आक्षेप जास्त खोल जातो. श्रीनिवास ब्राह्मण. गावाने त्यांना ब्राह्मण म्हणूनच वागवलं, आणि त्यांनीही ब्राह्मणासारखं वागावं अशी अपेक्षा ठेवली. त्यांची ऊठबस प्रामुख्याने पाटील आणि जमीनदार शेतकऱ्यांमध्ये होती. मग दलित वस्तीचं चित्र अपुरं राहिलं, असं विद्यार्थी लिहितो आणि थांबतो. पण दलित वस्तीत जास्त वेळ घालवला असता तर गाव वेगळ्या बाजूने दिसलं असतं, हे श्रीनिवासांनीच लिहून ठेवलं आहे. लेखकाची कबुली त्यालाच परत वाचून दाखवणं म्हणजे परीक्षण नव्हे. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: ही कबुली दिल्यावर लेखकाने आपले निष्कर्ष तेवढ्यापुरते आवरते घेतले का?

याचं उत्तर मिळवायला एक प्रकरण पुरतं. जातींच्या परस्परसंबंधांवरचं प्रकरण घ्या. प्रत्येक मोठ्या विधानाशेजारी समासात पेन्सिलीने लिहा: हे लेखकाने स्वतः पाहिलं, की कुणी सांगितलं? सांगणारा जमीनमालक, की त्याच्या शेतावर राबणारा? जाती एकमेकींवर अवलंबून होत्या असं जिथे म्हटलं आहे, तिथे हे अवलंबन राबणाऱ्याला कसं वाटत होतं याचा पुरावा आहे का? प्रकरण संपेपर्यंत समासात एक आकार दिसू लागतो, आणि भूमिका त्यातूनच निघते. उदाहरणार्थ: 'पाटलाच्या जवळ राहिल्यामुळे श्रीनिवासांना सत्ता कशी चालते हे बारकाईने दिसलं; पण त्याच जागेवरून ते गावातल्या सलोख्याबद्दल बोलतात, तेव्हा त्यांचं विधान पुराव्याच्या पुढे जातं.' हे वाक्य चुकीचं ठरू शकतं. कुणी पुस्तकातली पानं दाखवून ते खोडू शकतं, आणि म्हणूनच ती भूमिका आहे.

या वाक्यात दाद आणि आक्षेप एकाच कारणातून आले आहेत. 'गुण' आणि 'दोष' असे दोन वेगळे परिच्छेद पाडले की नेमका हा संबंध तुटतो. मला तर शेतीवरचं प्रकरण या पुस्तकातलं फार भक्कम प्रकरण वाटतं, आणि ते भक्कम होण्याचं कारणही श्रीनिवासांची तीच जागा आहे. परीक्षकाने हे मोकळेपणाने लिहावं.

भूमिका पहिल्या परिच्छेदातच सांगावी. हजार शब्दांचं परीक्षण असेल तर सारांशाला अडीचशेच्या वर शब्द देऊ नयेत, आणि त्यातही भूमिकेला लागेल तेवढाच भाग घ्यावा. रामपुऱ्यातल्या धर्मावरचं प्रकरण आपल्या मुद्द्याला लागत नसेल तर ते एका ओळीत सोडून द्यायला हरकत नाही. लेखकाने न लिहिलेल्या पुस्तकाबद्दल मात्र त्याला दोष देऊ नये. श्रीनिवासांनी साऱ्या कर्नाटकातली आकडेवारी का दिली नाही, हा प्रश्न या पुस्तकाला लागू होत नाही. एका गावावरून त्यांनी भारतातल्या खेड्यांबद्दल काही म्हटलं असेल तर ते वाक्य पान क्रमांकासह उचलून त्याला जरूर प्रश्न विचारावा.