फैजपूर अधिवेशनाच्या उत्तराला दहापैकी किती गुण?

डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. जळगाव आणि धुळ्याच्या इतिहासाच्या वर्गात त्यावर हमखास प्रश्न निघतो. समजा प्रश्न असा आहे: ‘फैजपूर अधिवेशनामुळे काँग्रेस शेतकऱ्यांच्या किती जवळ गेली? साधार चर्चा करा. (१० गुण)’. या एका प्रश्नाचं रुब्रिक करायला बसलं की त्याबद्दलचे बरेच गैरसमज उघडे पडतात.

गैरसमज: रुब्रिक म्हणजे आदर्श उत्तर आणि प्रत्येक मुद्द्याला एक गुण.

हा सर्वांत मोठा गैरसमज, आणि नुकसानही यानेच सर्वांत जास्त होतं. दोन उत्तरं शेजारी ठेवून पाहू.

पहिल्या विद्यार्थ्याने लिहिलं आहे: अधिवेशन २७ आणि २८ डिसेंबरला झालं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, धनाजी नाना चौधरींनी तयारीसाठी अपार कष्ट घेतले, साने गुरुजी राबले, नंदलाल बोस यांनी बांबूची सजावट केली, खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन होतं. सहा मुद्दे, सगळे बरोबर.

दुसऱ्याने तारीख लिहिलेली नाही. नंदलाल बोसांचं नावही नाही. त्याचं म्हणणं असं: फैजपूरला काँग्रेसने शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला, त्यात शेतसारा आणि खंड कमी करण्याची व कर्जाचा भार हलका करण्याची मागणी होती. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं आणि १९३९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला, म्हणजे ठराव कागदावरच राहिला नाही. पण त्या कार्यक्रमात जमीनदारी रद्द करण्याची मागणी नव्हती आणि किसान सभेने फैजपूरलाच आपलं वेगळं अधिवेशन घेतलं. तेव्हा काँग्रेस जवळ आली खरी, पण अंतर पूर्ण मिटलं नाही.

मुद्दे मोजले तर पहिल्याला सहा गुण मिळतात, दुसऱ्याला जेमतेम चार. पण प्रश्न होता ‘किती जवळ गेली’. त्याचं उत्तर फक्त दुसऱ्याने दिलं आहे. मुद्द्यांची यादी तपासणाऱ्याच्या हाताशी असावीच, कारण तथ्यं पडताळायला ती लागते. मात्र गुण ठरतात ते विद्यार्थ्याने त्या तथ्यांचं काय केलं यावर. रुब्रिकमध्ये तेच लिहायचं असतं.

गैरसमज: उत्तम, चांगले, समाधानकारक, असमाधानकारक असे चार रकाने पाडले की पातळ्या झाल्या.

ही फक्त नावं झाली. ‘उत्तम विश्लेषण’ आणि ‘चांगले विश्लेषण’ यांतला फरक जळगावच्या मॅडम एक लावतील, धुळ्याचे सर दुसरा. पातळीच्या वर्णनात उत्तरपत्रिकेवर बोट ठेवून दाखवता येईल अशीच गोष्ट हवी. आपल्या प्रश्नासाठी ती अशी लिहिता येईल:

चौथी पातळी, ९ ते १० गुण: ‘किती’चा स्पष्ट निवाडा आहे. त्याच्या बाजूचा आणि विरुद्ध बाजूचा, असा दोन्ही प्रकारचा पुरावा तपासला आहे. निवाडा कुठपर्यंत खरा, हे सांगितलं आहे.

तिसरी पातळी, ६ ते ८ गुण: निवाडा आहे. अधिवेशनातला निर्णय आणि त्याचा शेतकऱ्यांशी असलेला संबंध कारणासह उलगडला आहे. विरुद्ध बाजू नाही, किंवा तिचा नुसता उल्लेख आहे.

दुसरी पातळी, ३ ते ५ गुण: माहिती बरोबर आणि विषयाला धरून आहे, पण घटना एकापाठोपाठ सांगितल्या आहेत. निवाडा नाही, किंवा शेवटच्या वाक्यात आधार न देता ठोकून दिला आहे.

पहिली पातळी, १ ते २ गुण: सुटी विधानं, कोणत्याही अधिवेशनाला लागू पडतील अशी.

आपला पहिला विद्यार्थी दुसऱ्या पातळीवर येतो. त्या पातळीतलं काम त्याने नीट केलं आहे, म्हणून त्याला ५. दुसरा चौथ्या पातळीवर, पण कर्जाचा कायदा फैजपूरच्या ठरावातूनच आला हे त्याने गृहीत धरलं, सिद्ध केलं नाही, म्हणून ९. आधी पातळी ठरवायची आणि मग तिच्यातला गुण, हा क्रम मोडला की माणूस पुन्हा मुद्दे मोजायला लागतो.

सर्वांत जास्त कस लागतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीच्या सीमेवर. बहुतेक उत्तरं तिथेच घुटमळतात. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ हे शब्द दिसले म्हणून कारण दिलं असं होत नाही. ‘अधिवेशन खेड्यात झालं, त्यामुळे शेतकरी काँग्रेसकडे वळले’ या वाक्यात ‘त्यामुळे’ आहे, पण कसे वळले ते नाही. अशी दोन-तीन सीमेवरची वाक्यं रुब्रिकखाली नमुना म्हणून जोडावीत. वर्णनापेक्षा त्यांचाच उपयोग जास्त होतो.

गैरसमज: निकष जितके जास्त, तितकी तपासणी अचूक.

आशय, कालक्रम, पुरावे, मांडणी, भाषा, शुद्धलेखन असे सहा रकाने करून त्यांत गुण वाटले की एकच चूक तीनदा कापली जाते. एखाद्याने फैजपूरचं साल १९३८ लिहिलं, म्हणजे हरिपुराशी घोळ केला, तर आशय, कालक्रम आणि पुरावे अशा तिन्ही रकान्यांत तो मार खातो. त्याऐवजी एकच गोष्ट पाहावी: चुकीमुळे युक्तिवाद कोसळतो का? फक्त साल चुकलं आणि बाकीचा क्रम बरोबर असेल, तर पातळी बदलत नाही, त्याच पातळीत एखादा गुण कमी होतो. पण १९३७ ची निवडणूक अधिवेशनाआधी झाली असं धरून उत्तर रचलं असेल, तर कारण आणि परिणाम यांची उलटापालट झाली. तिथे पातळीच खाली येते.

भाषेबद्दलही थोडं. यावल-रावेरच्या मुलाच्या लिहिण्यात लेवा बोलीचं वळण येईल, धुळ्याकडच्या मुलाच्या लिहिण्यात अहिराणीचं. अर्थ स्पष्ट असेल तर इतिहासाच्या पेपरात त्याचे गुण कापणं अन्यायाचं आहे. तसं कापायचं नाही, हे रुब्रिकमध्ये लिहूनच ठेवावं.

गैरसमज: रुब्रिक एकदा लिहिलं की सगळे परीक्षक सारखेच तपासतात.

तसं होत नाही. गठ्ठे वाटण्याआधी त्याच चार-पाच उत्तरपत्रिकांच्या प्रती दोघा-तिघांनी एकमेकांना न विचारता तपासाव्यात. एका उत्तराला एकाने ४ आणि दुसऱ्याने ७ दिले, तर कोण कडक आणि कोण सैल हा वाद घालू नये. कोणत्या शब्दावर दोघं फुटले ते शोधावं. अनेकदा ‘विषयाला धरून’ किंवा ‘स्पष्ट’ असा एखादा शब्द सापडतो, जो दोघांनी वेगळा वाचलेला असतो. तो बदलून मगच गठ्ठे उघडावेत.

गैरसमज: आधी प्रश्नपत्रिका छापायची, रुब्रिक तपासणीच्या वेळी.

‘फैजपूर अधिवेशनाविषयी माहिती लिहा’ या प्रश्नाची चौथी पातळी लिहून पाहा. लिहिता येत नाही, कारण त्यात निवाडा मागितलेलाच नाही. मुलाने जास्त माहिती लिहिली, एवढंच वर्णन उरतं. म्हणून पुढचा पेपर काढताना कच्च्या प्रश्नाखाली सर्वांत वरच्या पातळीची दोन वाक्यं लिहा. ती सुचली नाहीत, तर प्रश्न बदला.