पाण्याचा रेटा बिजागरीतून जातो

पावसाळ्यात दरवर्षी बातमी येते: कोयना धरणाचे सहा वक्र दरवाजे दीड फुटाने उचलले, नदीपात्रात इतका इतका विसर्ग सुरू. आपण विसर्गाचा आकडा वाचतो, नदीकाठी कुणी राहत असेल तर त्याला फोन करतो. पण याच बातमीत आणखी एक गोष्ट आहे. दरवाजामागे अख्खा जलाशय उभा असतो, त्याचा रेटा शेकडो टनांचा असतो, आणि तरीही सांडव्यावरचं एक साधं उचलयंत्र दोरांनी तो दरवाजा वर घेतं. पाण्याच्या रेट्याशी त्याला झुंजावं लागत नाही. का लागत नाही, याचं उत्तर ‘वक्र’ या शब्दात आहे.

वक्र दरवाजा म्हणजे पिंपाच्या भिंतीतून कापून घेतलेल्या तुकड्यासारखा लोखंडी पत्रा. त्याचा फुगवटा जलाशयाकडे असतो. पत्र्याच्या मागून, म्हणजे नदीच्या बाजूने, दोन्ही टोकांना पोलादी हात निघतात आणि मागे जाऊन दोन जाड पिनांवर टेकतात. सांडव्याच्या खांबांत बसवलेल्या या बिजागरीला अभियंते ट्रनियन म्हणतात. दरवाजा उघडतो तो या पिनांभोवती फिरून. पत्र्याची गोलाई अशी आखलेली असते की तिचं केंद्र बरोबर पिनेच्या मध्यावर येतं. सगळी किमया या एका अटीत आहे.

समजण्यासाठी सोप्या मापांचा एक दरवाजा घेऊ. रुंदी १२ मीटर. मागचं पाणी तळाच्या उंबऱ्यापासून ८ मीटर उंच, बरोबर दरवाजाच्या वरच्या कडेपर्यंत. गोलाईची त्रिज्याही ८ मीटर, आणि पिन उंबऱ्यापासून ४ मीटरवर, म्हणजे निम्म्या उंचीवर. बाजूने पाहिलं तर दरवाजाची वरची कड, खालची कड आणि पिन मिळून समभुज त्रिकोण होतो.

आधी आडवा रेटा काढू. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. पृष्ठभागावर तो शून्य, आणि ८ मीटर खोलीवर दर चौरस मीटरला ८ टन. सरासरी झाली ४ टन. पत्रा कितीही वळलेला असला, तरी आडव्या रेट्याला त्या वळणाशी देणंघेणं नसतं. समोरून पाहिल्यावर दरवाजा जेवढा दिसतो, तेवढंच क्षेत्रफळ हिशेबात येतं: १२ गुणिले ८, म्हणजे ९६ चौरस मीटर. त्याला ४ ने गुणलं की ३८४ टन. खाली दाब जास्त असल्यामुळे हा रेटा मध्यावर न लागता तळापासून एक तृतीयांश उंचीवर, म्हणजे उंबऱ्याच्या २.६७ मीटर वर लागतो. सपाट उभा दरवाजा असता तर हिशेब इथेच संपला असता.

वक्र दरवाजात उभा रेटाही असतो, आणि तो बहुतेकांना चकवतो. फुगवट्याचा वरचा अर्धा भाग पाण्याकडे किंचित तोंड वर करून असतो, त्यामुळे त्याच्यावरचं पाणी त्याला खाली दाबतं. खालचा अर्धा भाग आत वळत उंबऱ्याकडे जातो. पाणी त्याच्या खाली शिरलेलं असतं, आणि ते त्याला वर ढकलतं. वरच्या भागात पाणी उथळ, खालच्या भागात खोल. म्हणून वर ढकलणारा जोर जिंकतो.

किती जिंकतो, हे काढायला आर्किमिडीजची युक्ती कामी येते. वरची आणि खालची कड जोडणारी एक सरळ उभी भिंत मनात उभी करा. ती भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये फुगवट्याची एक फाक उरते. या फाकेने पाण्याची जागा अडवली आहे, म्हणून त्या जागेत मावलं असतं तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर पाणी तिला वर लावतं. मनातली भिंत उभी असल्याने ती फक्त आडवा रेटा घेते, वरखाली काही नाही. आपल्या मापांनुसार फाकेच्या छेदाचं क्षेत्रफळ येतं ५.८ चौरस मीटर. रुंदी १२ मीटर, म्हणजे सुमारे ६९.६ घनमीटर. एक घनमीटर पाणी एक टनाचं, म्हणून वर उचलणारा रेटा ६९.६ टन. तो फाकेच्या गुरुत्वमध्यातून जातो, आणि हा मध्य पिनेपासून आडव्या अंतराने ७.३६ मीटर पुढे, जलाशयाच्या बाजूला आहे.

दोन्ही रेटे काटकोनात जोडले की एकूण बल ३९० टन होतं. त्याची दिशा नदीकडे, पण आडव्या रेषेपेक्षा सुमारे १० अंश वर चढणारी. आता ही बलरेषा कुठून जाते ते पाहू. आडवा रेटा पिनेच्या १.३३ मीटर खाली लागतो, म्हणून तो दरवाजाला पिनेभोवती ३८४ गुणिले १.३३, म्हणजे ५१२ टन-मीटरने मिटण्याच्या दिशेला फिरवू पाहतो. उभा रेटा ७.३६ मीटर दूर लागतो आणि दरवाजाला उघडण्याच्या दिशेला फिरवू पाहतो. ६९.६ गुणिले ७.३६ करा: ५१२. दोन्ही आकडे एकमेकांना पुसून टाकतात. म्हणजे बलरेषा थेट पिनेच्या मध्यातून जाते.

हा योगायोग नाही, आणि इतकं गणित न करताही ते दिसलं असतं. स्थिर पाणी कुठल्याही पृष्ठभागाला लंब दिशेनेच दाबतं. वर्तुळाच्या परिघावरचा प्रत्येक लंब केंद्राकडे जातो, आणि इथे केंद्र म्हणजे पिन. पत्र्याच्या प्रत्येक तळहाताएवढ्या तुकड्यावरचा दाब पिनेकडेच रोखलेला असतो, मग त्यांची बेरीज दुसरीकडे कशी जाईल? या वाटेने एक चूकही टळते. एकूण बल पत्र्यावर २.६७ मीटर उंचीवर लागतं असं घाईत धरलं जातं. ती उंची फक्त आडव्या रेट्याची. पिनेतून मागे आखलेली तिरपी बलरेषा पत्र्याला उंबऱ्यापासून २.५७ मीटरवर भेटते.

बलरेषा पिनेतून गेली, म्हणून तिला तरफेचा हात उरत नाही. ३९० टनांचं पाणी दरवाजा उघडतही नाही आणि मिटतही नाही. ते फक्त दोन पिनांवर, आणि पिनांतून काँक्रीटच्या खांबांवर विसावतं. उचलयंत्राला तोलायचं असतं ते दरवाजाचं स्वतःचं वजन. ते ४० टन आणि गुरुत्वमध्य पिनेपासून ६ मीटरवर धरला, तर ८ मीटरवर बांधलेल्या दोराला ३० टन ताण पुरतो. सपाट दरवाजा खाचेत घासत वर ओढायचा असता, तर घर्षणांक ०.३ धरून नुसत्या घर्षणापायी ११५ टन लागले असते.

केंद्राची अट मात्र काटेकोर पाळावी लागते. पत्र्याचं केंद्र पिनेच्या ५ सेंटिमीटर वर गेलं, तर बलरेषाही तेवढीच वर सरकते आणि पाणी दरवाजाला सुमारे १९ टन-मीटरने उघडायला मदत करू लागतं. खाली गेलं तर तेवढ्यानेच अडवतं. बसवताना केंद्राची तपासणी बारकाईने करतात, ती यासाठी.

आता पिनेकडे वळू, कारण सगळा भार तिच्यावर आहे. दरवाजा फिरताना पिन आणि तिच्याभोवतीचं कडं एकमेकांवर घासतात. घर्षणामुळे पिनेची प्रतिक्रिया मध्यातून न जाता किंचित बाजूने जाते. किती बाजूने, तर पिनेची त्रिज्या गुणिले घर्षणांक. आपल्या दरवाजाची पिन ४० सेंटिमीटर व्यासाची आणि घर्षणांक ०.१५ असेल, तर फक्त ३ सेंटिमीटर. पण या ३ सेंटिमीटरला ३९० टनांनी गुणायचं आहे. आले सुमारे १२ टन-मीटर, आणि हा पीळ पोलादी हातांना वाकवतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहराजवळ अमेरिकन नदीवर फॉल्सम धरण आहे. १७ जुलै १९९५ रोजी, जलाशय जवळपास भरलेला असताना, तिथला तिसऱ्या क्रमांकाचा वक्र दरवाजा उचलायला घेतला होता. तो पाऊण मीटरच्या आसपास उघडला असताना त्याला कंप आला आणि काही क्षणांत दरवाजा ढासळला. दर सेकंदाला सुमारे ११०० घनमीटर पाणी नदीत धावू लागलं. जीवितहानी झाली नाही, पण जलाशयाचा मोठा हिस्सा वाहून गेला.

तो दरवाजा १२.८ मीटर रुंद आणि १५.२ मीटर उंच होता. पाणी वरच्या कडेपाशी धरून आपल्याच पद्धतीने आडवा रेटा काढला तर सुमारे १५०० टन येतो. पिन ८१ सेंटिमीटर व्यासाची. मूळ आराखड्यात पिनेचं घर्षण हिशेबात धरलेलंच नव्हतं. पुढे वंगण घालण्याची वारंवारता कमी झाली, पिनेवर गंज चढला आणि घर्षणांक ०.२ च्या वर गेला. तो ०.२२ धरा. पिनेची त्रिज्या ४० सेंटिमीटर, म्हणजे प्रतिक्रिया मध्यापासून सुमारे ९ सेंटिमीटर बाजूला. १५०० टन गुणिले ९ सेंटिमीटर: सुमारे १३५ टन-मीटरचा पीळ. हात सरळ दाब सोसण्यासाठी घडवलेले होते, वाकण्यासाठी नाही. तो पीळ हातांना एकमेकांशी जोडणाऱ्या तिरप्या पट्ट्यांवर गेला, एका पट्टीचा बोल्टचा जोड तुटला आणि आधार सुटलेले हात दुमडले.

तरीही उचलयंत्राला फारसं काही जाणवलं नसावं. कारण हाच १३५ टन-मीटरचा पीळ सुमारे १४ मीटर त्रिज्येवर, पत्र्यापाशी, जेमतेम ९ ते १० टनांचा जादा ओढा होतो. हात मोडण्याइतका भार लांब तरफेच्या दुसऱ्या टोकाला किरकोळ भासतो. म्हणून दरवाजा नीट उचलला जातो एवढ्यावरून पिन ठीक आहे असं मानता येत नाही. दरवाजा हलताना हातांवर ताण मोजणारी उपकरणं लावावी लागतात. एकाच पाणीपातळीला उचलयंत्राची मोटर किती वीज घेते, याची वर्षानुवर्षांची नोंद ठेवावी लागते. हलताना येणारा झटका किंवा करकर गांभीर्याने घ्यावी लागते. आणि वंगण पिनेच्या दाब पडणाऱ्या बाजूपर्यंत खरंच पोचतं का, हे पाहावं लागतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. मिटलेल्या दरवाजावर पाण्याचा रेटा तेवढाच असतो, पण घर्षणाचा पीळ जागा होतो तो दरवाजा हलू लागतो तेव्हाच. फॉल्समचा दरवाजा चाळीस वर्षं निमूट उभा राहिला, उघडमीट झाली तीही सोसली. ज्या दिवशी पाणी भरपूर होतं, पिन गंजलेली होती आणि दरवाजा हलत होता, त्या दिवशी बलरेषा ९ सेंटिमीटर बाजूला सरकलेली होती. पुढच्या पावसाळ्यात ‘दरवाजे दीड फुटाने उचलले’ हे वाचाल, तेव्हा उचलणाऱ्या दोरांमागच्या त्या दोन पिना आठवा. शेकडो टनांची रेघ त्यांच्या मध्यातून जाते आहे, आणि तिला तिथेच राखण्याचं काम वंगणाचा पातळ थर करतो आहे.